डायव्हर्जन्सची रेघ ओढण्याआधी

आमच्याकडे छापण्यासाठी जे चार्ट येतात, त्यांत डायव्हर्जन्सचे चार्ट भरपूर असतात. भावाच्या दोन शिखरांना जोडणारी चढती रेघ, खाली आरएसआयच्या दोन शिखरांना जोडणारी उतरती रेघ आणि पुढे भाव कोसळलेला. चार्ट दिसायला निर्दोष असतो. तो ज्या दिवशी खरोखर वापरता आला असता, त्या दिवशी कसा दिसत होता, हे मात्र त्यावरून कळत नाही. या अंकात तेवढ्यापुरतेच बोलू.

व्याख्या सगळ्यांना पाठ आहे. भाव आधीच्यापेक्षा वरचे शिखर करतो आणि ऑसिलेटर खालचे, तर मंदीसूचक डायव्हर्जन्स. भाव आधीच्यापेक्षा खालचा तळ करतो आणि ऑसिलेटर वरचा, तर तेजीसूचक. पण आरएसआय खाली का राहिला, हे आकडे मांडून पाहणारे थोडे. एक काल्पनिक शेअर घेऊ. बंद भाव ५००, १४ दिवसांच्या हिशेबात सरासरी वाढ ५.६० रुपये आणि सरासरी घट १.४० रुपये. म्हणजे आरएसआय ८०. आता चार दिवस भाव अनुक्रमे ६, ५, ४ आणि ५ रुपयांनी उतरला आणि ४८० वर आला. वाइल्डर यांच्या पद्धतीत रोज जुन्या सरासरीचे १३ भाग आणि नव्या दिवसाचा एक भाग मिसळतो. त्या हिशेबाने सरासरी वाढ ४.१६, सरासरी घट २.३१ आणि आरएसआय ६४ च्या किंचित वर.

पुढे सलग सहा दिवस भाव रोज ४ रुपयांनी चढला. बंद भाव ५०४, नवे शिखर. आरएसआय किती? ७३.५. आधीच्या ८० पेक्षा चांगलाच खाली. पाठ्यपुस्तकातला मंदीसूचक डायव्हर्जन्स तयार झाला, आणि या सहा दिवसांत शेअर एकदाही खाली बंद झालेला नाही.

आत डोकावले की कारण दिसते. सरासरी घट १.४८ आहे, म्हणजे पहिल्या शिखराच्या वेळी होती जवळपास तेवढीच. पडली आहे ती सरासरी वाढ, ५.६० वरून ४.१० वर. भाव चढतो आहे, पण पूर्वीपेक्षा सावकाश. आरएसआयने एवढेच नोंदवले. आणखी सहा दिवस भाव तसाच रोज ४ रुपयांनी वाढू द्या. बंद भाव ५२८, आरएसआय ८१. वेग तिळभरही वाढलेला नाही, सरासरी वाढ ४.०७ च आहे. फक्त मधल्या चार दिवसांच्या घसरणीची हिशेबातली आठवण १.४८ वरून ०.९५ पर्यंत विरली. ५०४ ला शॉर्ट केलेला माणूस २४ रुपये तोट्यात आहे आणि ज्या रेघेवर त्याने भरवसा ठेवला ती रेघच आता चार्टवर उरलेली नाही.

खोट्या संकेतांचा सगळ्यात मोठा साठा इथे आहे. पहिली उसळी जितकी तीव्र, तितके तिच्यानंतरचे प्रत्येक शिखर आरएसआयवर ठेंगणे दिसणार. चांगल्या तेजीत एकामागून एक असे तीन-चार डायव्हर्जन्स लागतात आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ‘आता बस’ म्हणून उलटा उभा राहतो. मंदीतही तेच, फक्त उलट्या अंगाने. घबराटीच्या पहिल्या पडझडीत आरएसआय २० च्या आसपास जातो. मग सावकाश घसरणारा बाजार कितीही नवे तळ करो, आरएसआय वरचाच तळ दाखवत राहतो.

दुसरा घोटाळा साधा आहे, पण अनुभवी मंडळीही त्यात सापडतात. आरएसआय निघतो बंद भावांवर आणि रेघ मात्र कॅंडलच्या विकच्या टोकाला लावली जाते. १३ मार्च २०२० चा निफ्टी आठवा. आदल्या दिवशी बंद ९,५९० ला. त्या दिवशी सकाळी लोअर सर्किट, व्यवहार थांबले, नीचांक ८,५५५, आणि संध्याकाळी बंद ९,९५५. विक पाहिली तर भावाचा तळ हजारभर अंकांनी अगदी स्वच्छ खाली गेलेला. आरएसआय मात्र वर गेला, कारण त्याने दिवसातली पडझड पाहिलीच नाही. त्याला फक्त ३६५ अंकांची वाढ दिसली. याला तेजीसूचक म्हणून ज्याने खरेदी केली, त्याने पुढच्या सहा सत्रांत, २३ मार्चला, निफ्टी ७,६१० वर बंद झालेला पाहिला.

गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी, २४ मार्चला, तेच चित्र पुन्हा उमटले. नीचांक आदल्या दिवसापेक्षा खाली, ७,५११, आणि बंद भाव आदल्या दिवसापेक्षा वर, ७,८०१. या वेळी तोच तळ ठरला. चित्र एकच, निकाल दोन. लागोपाठचे दोन दिवस म्हणजे दोन तळ नव्हेतच. मध्ये सणसणीत उसळी हवी. पण ते बाजूला ठेवले, तरी विक एकीकडे आणि बंद भाव दुसरीकडे असे मोजमाप दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करते. बंद भावांची रेघ ओढली की यातले बरेचसे डायव्हर्जन्स आपोआप गळून पडतात.

तिसरी गोष्ट वेळेची. शिखर हे शिखर होते, हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसते. बहुतेक स्क्रीनर दोन्ही बाजूंना ठरावीक, समजा पाच-पाच, कॅंडल खालच्या असतील तरच शिखर मानतात. म्हणजे खूण पाच दिवसांनी उमटते, पण चार्टवर ती मागे नेऊन शिखराच्या डोक्यावर बसवली जाते. नंतर चार्ट पाहणाऱ्याला वाटते की इशारा नेमका वरच्या भावाला मिळाला होता. असे बाण मोजून केलेल्या बॅकटेस्टचे आकडे सुंदर येतात. खरी एंट्री पाच दिवसांनंतरच्या भावाला धरली की त्यातले सौंदर्य बरेच उतरते.

मग पुष्टी कशाची घ्यायची? वाइल्डर यांनी १९७८ च्या पुस्तकात आरएसआयबरोबरच ‘फेल्युअर स्विंग’ दिला होता आणि तो आज अकारण मागे पडला आहे. दोन शिखरांमधला आरएसआयचा तळ मोडेपर्यंत थांबायचे, एवढेच. आपल्या उदाहरणात तो तळ ६४.३. समजा ५०४ नंतर भाव ३, ५ आणि ५ रुपयांनी उतरला. बंद भाव ४९१, आरएसआय ६१.५, तळ मोडला. शॉर्ट ४९१ ला, स्टॉपलॉस ५०४ च्या वर. शिखरापासूनचे १३ रुपये हातचे गेले, ही पुष्टीची किंमत. जो ४८० हा भावाचा तळ मोडण्याची वाट पाहील, त्याचे २४ जातील, पण त्याच्या वाट्याला फसवे संकेत आणखी कमी येतील. यांतले काय निवडायचे हे ज्याच्या-त्याच्या स्टॉपलॉसच्या पल्ल्यावर अवलंबून आहे. ५०४ वरून ५२८ ला गेलेल्या आपल्या शेअरमध्ये मात्र या दोघांनाही शॉर्ट करण्याची वेळच आली नसती.

अर्थात फेल्युअर स्विंगही फसतो. आडव्या बाजारात आरएसआय ४० आणि ६० च्या मध्ये घुटमळत असताना असे तळ दर आठवड्याला मोडतात आणि त्यांना काही अर्थ नसतो. म्हणूनच वाइल्डर यांनी पहिले शिखर ७० च्या वर, किंवा पहिला तळ ३० च्या खाली असावा अशी अट घातली होती. ती गाळून नियम वापरणारे पुष्कळ आहेत.

पुढच्या अंकापासून डायव्हर्जन्सचे चार्ट छापताना आम्ही तीन गोष्टी मागणार आहोत. रेघा बंद भावांवर असाव्यात, दोन शिखरांमधला आरएसआयचा तळ आकड्याने लिहिलेला असावा आणि तो मोडल्याची तारीख चार्टवर असावी. तळ मोडलाच नाही असे चार्टही जरूर पाठवा. ते आम्ही आधी छापू.