खिडकी बंद, काम चालू

सेतू केंद्रात बसणाऱ्या माणसाने दिवसभर खिडकी उघडी ठेवावी, येईल त्याला लगेच हातात घ्यावे, अशी लोकांची अपेक्षा असते. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली काही वर्षे असे केंद्र चालवतो. अनुभवाने माझे मत नेमके उलट झाले आहे. दिवसातून दोन वेळा खिडकी ओढून घेतली, तरच लोकांचे काम वेळेत आणि बिनचूक होते. हे ऐकायला उर्मट वाटेल, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

आमच्याकडे येणारी कामे वरून सारखी दिसतात, पण ती दोन जातींची आहेत. काही कामांना माणूस समोर लागतो. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायला, अंगठा द्यायला, ई-केवायसीला, फोटो काढायला. ओटीपी काही मिनिटांत बाद होतो, त्यामुळे हे काम 'नंतर करू' म्हणून ठेवता येत नाही. दुसऱ्या कामांना फक्त कागद लागतो. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरणे, रेशनकार्ड आणि तलाठ्याचा अहवाल स्कॅन करणे, प्रत्येक कागद 75 ते 500 केबीच्या मापात आणि फोटो 20 केबीच्या आत बसवणे, मग अपलोड करणे. यासाठी अर्जदाराने बाकावर दोन तास ताटकळण्याची गरज नसते. गरज असते ती माझ्या डोक्याला कुणी हात न लावण्याची.

ही गरज किती खरी आहे ते आपल्या समाजातल्या नावांवरून कळते. आधारवर 'Shaikh', शाळेच्या दाखल्यावर 'Shekh', रेशनकार्डावर मराठीत 'सेख'. वडिलांचे नाव एका कागदावर 'अब्दुल', दुसऱ्यावर 'अब्दूल', तिसऱ्यावर नुसते 'अ.' अर्ज मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत भरायचा असतो. तीन कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवणे, हेच या कामातले खरे काम आहे. बाकी सगळी टंकनकला. त्याच मिनिटाला खिडकीतून "भाऊ, आमचं झालं का?" असा आवाज आला की नजर स्क्रीनवरून उठते, आणि परत बसते ती बहुधा दुसऱ्या ओळीवर. एका वेलांटीमुळे अर्ज तहसीलमधून त्रुटी लावून परत येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दाखला तसाच निघतो आणि चूक प्रवेशाच्या टेबलावर पकडली जाते. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे. त्याखाली उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे. पण प्रवेशाची यादी त्या 15 दिवसांसाठी थांबत नाही.

म्हणून मी दिवसाचे तुकडे पाडले. पाडण्याआधी एक आठवडा वहीत फक्त एवढेच लिहिले की कोण, किती वाजता आणि कशासाठी मध्ये आले. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. सर्वांत जास्त व्यत्यय 'माझ्या अर्जाचं काय झालं' या प्रश्नाचा होता, नव्या कामाचा नव्हता. आणि वीज जाणे, सर्व्हर बसणे, कुणाचे तरी 'अर्जंट' येणे या गोष्टी अचानक होतात असे वाटत असले, तरी आठवड्यातला एकही दिवस त्यांच्यावाचून गेला नव्हता. जी गोष्ट रोज होते तिला अचानक कसे म्हणायचे? तिला वेळापत्रकात जागाच द्यायला हवी.

आता आमचा दिवस असा असतो. साडेनऊ ते पावणेदहा पोर्टलवरची यादी पाहायची. पावणेदहा ते बारा समोरची माणसे. बारा ते सव्वा खिडकी बंद आणि कागदी काम. सव्वा ते दोन नमाज आणि जेवण. दोनला पुन्हा पंधरा मिनिटे यादी. सव्वादोन ते सव्वातीन हा तास राखीव, म्हणजे मुद्दाम रिकामा. सव्वातीन ते सव्वाचार पुन्हा खिडकी बंद. तिथून सहापर्यंत समोरची माणसे, आणि शेवटचा अर्धा तास यादी आणि उद्याची तयारी. नऊ तासांत बंद खिडकीचा वेळ सव्वादोन तास भरतो. एका अर्जाला बारा मिनिटे धरली तर त्यात अकरा अर्ज बसतात. खिडकी उघडी ठेवून हेच अर्ज भरायला बसलो, तर एकेक अर्ज वीस-पंचवीस मिनिटे खातो आणि तपासणी राहून जाते ती वेगळीच.

यादी तीनदाच का पाहायची, हे लोकांना पटत नाही. तहसीलमधले टेबलही अर्ज गठ्ठ्याने पाहते, सहीही गठ्ठ्यानेच होते. दर दहा मिनिटांनी पान ताजे केल्याने दाखला लवकर निघत नाही. सकाळची नजर मात्र चुकवायची नाही. आदल्या संध्याकाळी त्रुटी लागून परत आलेला अर्ज सकाळी दिसला, तर अर्जदाराला फोन जातो आणि तो दुपारच्या एसटीने हवा तो कागद घेऊन येऊ शकतो. तोच अर्ज संध्याकाळी दिसला तर एक दिवस गेला. यादी पाहून झाली की तयार दाखल्यांच्या पावत्यांचे शेवटचे चार आकडे बाहेरच्या फळ्यावर लिहितो. नाव नाही, फक्त आकडे. फळा सुरू झाल्यापासून 'काय झालं' विचारणारे निम्म्याहून कमी झाले.

रिकाम्या तासावर सगळ्यांत जास्त टीका होते. खुद्द माझा भाऊ म्हणतो, "लोक बाहेर उभे आणि तू तास रिकामा ठेवतोस?" तो रिकामा राहत नाही. बारा वाजता वीज गेली तर बुडालेले कागदी काम तिथे सरकते. सर्व्हर बसल्याने सकाळी राहिलेले ओटीपीवाले तिथे येतात. आणि आपल्या जिल्ह्यात हा तास ज्यांच्यासाठी मोलाचा आहे ते म्हणजे ऊसतोडीला जाणारे लोक. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत घरे बंद असतात. उद्या ट्रक निघणार आणि पोराच्या वसतिगृहाचा कागद राहिलाय, असे सांगत येणाऱ्या बाईला 'परवा या' म्हणता येत नाही. तिला रांग मोडून आत घेतले तर रांगेतले चिडतात. राखीव तासात घेतले तर कुणाचेच काही जात नाही.

हा हिशेब कुठे मोडतो तेही सांगायला हवे. जुलै 2024 आठवा. महिन्याच्या सुरुवातीला लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा मुदत 15 जुलै होती. खरीप पीकविम्याची मुदतही आधी 15 जुलैच होती. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलभोवती बायकांच्या रांगा लागल्या. मग पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर दाखल्याची अट शिथिल झाली, लाडकी बहीणची मुदत ऑगस्टअखेरपर्यंत गेली आणि विम्याची 31 जुलैपर्यंत. त्या पंधरवड्यात सगळीच कामे ओटीपीची होती, म्हणजे माणूस समोर हवा असलेली. अशा वेळी बारा ते सव्वा खिडकी ओढणे हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. तेव्हा कागदी काम सकाळी सात ते साडेआठ, केंद्र उघडायच्या आधी हलवले. सर्व्हरवर गर्दीही तेव्हा कमी असते. स्कॅन आदल्या रात्रीच मापात बसवून, पावतीच्या आकड्याने नाव देऊन ठेवले की सकाळी फक्त अपलोड उरते. राखीव तास मात्र त्या दिवसांतही सोडला नाही. उलट दोन केले, कारण सर्व्हर रोज बसत होता. गर्दी वाढली की माणूस आधी मोकळा वेळ कापतो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी कापावा.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट पक्की झाली. रांगेत उभे राहण्याआधीच एक प्रश्न विचारायचा: "खाला, आधारला कोणता नंबर आहे? तो फोन आता तुमच्याजवळ आहे का?" कितीतरी जणींचा नंबर बदललेला असतो, नाहीतर फोन नवऱ्याबरोबर पुण्याला गेलेला असतो. नंबर बदलण्याचे काम आमच्याकडे होत नाही. हे तीन तास रांगेत उभे राहिल्यावर कळण्यापेक्षा पहिल्या मिनिटाला कळलेले बरे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप उरतो तो असा की गरीब बाई रोज बुडवून गावाहून येते आणि तुझी खिडकी बंद असते. आक्षेप खरा आहे. उत्तर खिडकी उघडी ठेवण्यात नाही, वेळ आधी कळवण्यात आहे. आमच्या दारावर वेळांचा मोठा फलक आहे. बंद वेळेतही बाहेर बसलेला मुलगा कागद तपासून घेतो, पावती देतो आणि "बाजार करून सव्वाचारला या" असे सांगतो. शुक्रवारी जुम्म्याला आमचे केंद्र पावणेएक ते सव्वादोन बंद असते. त्या दिवशी कागदी काम आणि दुपारची यादी तेवढी आखडते. इतक्या वर्षांत त्यावर हिंदू-मुसलमान कुणीही कुरकुर केलेली नाही, कारण ती वेळ सगळ्या गावाला पाठ आहे. लोकांना बंद दाराचा राग येत नाही. कधी उघडेल हे कुणी सांगत नाही, त्याचा येतो.

ज्यांच्या घरातली पोरे आता अशी केंद्रे, झेरॉक्सची दुकाने, औषधांची दुकाने चालवतात, त्यांना माझे सांगणे एवढेच आहे की माझे वेळापत्रक उचलू नका. तुमचा बाजारचा दिवस वेगळा, तुमच्या गावची वीज जायची वेळ वेगळी. आधी आठवडाभर वही ठेवा. रोज येणारा व्यत्यय कोणता ते पाहा, त्याला दिवसात जागा द्या, मग उरलेल्या वेळात दार लावून बसा. महिनाभराने तहसीलमधून परत आलेले अर्ज मोजा. ते कमी झाले नसतील, तर तुकडे चुकीच्या जागी पडले आहेत, असे समजून पुन्हा पाडा.