बँकेच्या ‘प्रश्नोत्तरां’त एक दिवस म्हणजे नेमका किती?

विरारहून शुक्रवारी संध्याकाळी कुणी नाशिकला आयएमपीएसने १८ हजार रुपये पाठवले. खात्यातून पैसे वजा झाले, समोर जमा झाले नाहीत. आता नेट बँकिंगच्या मदत पानावर ‘रक्कम एका दिवसात परत मिळेल’ एवढेच वाचायला मिळाले, तर तो दिवस कोणता समजायचा? शनिवार की सोमवार?

उत्तर शनिवार आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. हा दिवस कॅलेंडरचा; सुट्टी वगळायची नाही. त्यानंतर दररोज १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता. पैसे मंगळवारी आले, तर रविवार, सोमवार, मंगळवार असे ३०० रुपये.

फसवणुकीत मोजणी वेगळी

ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भुर्दंड नाही, असा २०१७चा नियम सांगतो. इथे संदेश आलेला दिवस आणि सुट्ट्या धरत नाहीत. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी संदेश आला, तर मुदत बुधवारी संपते. मात्र ओटीपी ग्राहकानेच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणून या उत्तराची पहिली ओळ मुदतीची नको. ‘आधी बँकेला कळवून खाते रोखा, लगेच १९३०ला फोन करा’ ही हवी. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात.

भाषांतरातला घोळ

वसई-विरारमध्ये एकाच शाखेचे ग्राहक मराठी, हिंदी आणि इंग्रजी वाचतात. इंग्रजी मजकूर शब्दाला शब्द लावून उतरवला की घोटाळा होतो. हिंदीत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्याही. मराठी ‘परवा’चेही तेच. म्हणून तिन्ही भाषांत वार आणि उदाहरण द्यावे.

‘मर्यादा’ हा शब्दही तसाच. आरटीजीएसला किमान दोन लाख लागतात, आयएमपीएसला कमाल पाच लाख चालतात. शिवाय बँक स्वतःची दैनिक मर्यादा आणखी कमी ठेवू शकते. ‘मर्यादा दोन लाख’ असे लिहिले, तर निम्मे वाचक उलटे समजतील. ‘किमान’, ‘कमाल’ आणि ‘आमच्या बँकेत’ हे शब्द गाळू नयेत.

‘अयशस्वी’ आणि ‘प्रलंबित’ यांचीही गल्लत नको. प्रलंबित व्यवहार अयशस्वी समजून पुन्हा पैसे पाठवले, तर दोनदा जातात. तिथे एकच वाक्य पुरे: ‘अंतिम स्थिती दिसेपर्यंत पुन्हा पाठवू नका.’

बँकांनी हे पान छापण्याआधी तिन्ही भाषांतल्या एकेका ग्राहकाला वाचायला द्यावे आणि एकच विचारावे: पैसे कोणत्या वारी परत येतील? तिघांची उत्तरे जुळली नाहीत, तर पान पुन्हा लिहावे.