‘आयदान’ आणि एका मुलीचे परीक्षण

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात रविवारी वंदनेनंतर कोणीतरी एक जण वाचलेल्या पुस्तकावर बोलतो. मागे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे आत्मकथन निवडले. ग्रंथालीने ते २००३ साली प्रसिद्ध केले. आदल्या संध्याकाळी तिने मला चार पाने दाखविली. लेखिकेच्या बालपणापासून शेवटापर्यंतच्या घटना त्यांत ओळीने मांडल्या होत्या. उत्तरार्धात वाचकाला हादरविणारा एक प्रसंग आहे, तोही तिने सांगून टाकला होता.

मी म्हटले, “बाळ, सगळे तूच सांगितलेस, तर पुस्तक कोण उघडील? आणि तुला काय वाटले, ते यात कुठेच नाही.”

ती म्हणाली, “काका, ते लिहिले तर विहारातली पुरुष मंडळी रागावतील.”

“कारण देऊन लिही. मग रागावू देत.”

रविवारी तिने एकच पान वाचले. त्याचा सारांश असा :

“आयदान म्हणजे बांबूची सुपे, टोपल्या अशा विणलेल्या वस्तू. लेखिकेचे शिक्षक वडील तिच्या लहानपणीच वारले. आईने आयदाने विणून घर चालविले. रत्नागिरीकडच्या खेड्यातून मुंबईच्या संसारात आणि चळवळीत आलेल्या बाईची ही हकीकत आहे. पुढे काय घडते, ते मी सांगणार नाही.

“माझ्या मते आपल्या प्रत्येक घरात हे पुस्तक वाचले जावे. जातीचा जाच तर यात आहेच. पण बायकोने एम.ए. करावे, सभांना जावे, हे शिकलेल्या नवऱ्यालाही कसे खुपते, तेही लेखिकेने लपविलेले नाही. आपल्याच घरातील विषमता दाखविली म्हणून चळवळीचे नुकसान होते, असे मला वाटत नाही.

“एक उणीव वाटली. सुरुवातीच्या भागात नातेवाइकांची नावे फार आहेत आणि आठवणी मागेपुढे होतात. मी एका चिठ्ठीवर नावे लिहून घेतली, तेव्हा उलगडा झाला. ज्यांना सलग गोष्ट हवी, त्यांना थोडा धीर धरावा लागेल.”

वाचन संपल्यावर काही क्षण कोणी बोलले नाही. मग एका वयस्कर गृहस्थांनी विचारले, “पोरी, त्या नवऱ्याचे शेवटी मन वळले का?”

“बाबा, ते पुस्तकात वाचा,” ती म्हणाली.

मंडळी हसली. त्यांनी विहाराच्या कपाटातील प्रत नोंदवहीत सही करून घरी नेली. परीक्षणाचे काम झाले!

माझी मात्र मान खाली गेली होती. वीस वर्षे मी सभांना जातो आहे. त्या वेळी घर सांभाळणारीला सभेला यायचे होते का, हे मी एकदाही विचारले नव्हते. त्या रात्री विचारले. आता प्रतीसाठी दुसरा नंबर आमच्या घरचा आहे.