पाळी थांबते आहे? कंबर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल मोजून घ्या

पंचेचाळीस ते पंचावन्न वयाच्या सर्व माता-भगिनींना आणि त्यांच्या घरच्यांनाही आग्रहाची विनंती.

पाळी मागेपुढे व्हायला लागली की आपल्याकडे बोलणं होतं ते अंगातून निघणाऱ्या गरम वाफांचं, चिडचिडीचं, उडालेल्या झोपेचं, फार तर गुडघ्यांचं. हृदयाचं नाव सहसा कुणी काढत नाही. हार्ट अटॅक पुरुषांना येतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पाळी चालू असेपर्यंत त्यात थोडं तथ्यही आहे, कारण त्या वयात बायकांना हृदयविकार पुरुषांपेक्षा कमी होतो. पण हे संरक्षण पाळीबरोबर ओसरायला लागतं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे इथल्या बाईच्या संरक्षणाचा काळ तेवढाच आधी संपतो.

नेमकं काय बदलतं ते समजून घ्या. अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक फक्त पाळीपुरतं काम करत नाही. यकृताच्या पेशींवर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, पकडून आत ओढून घेणारी ग्राहकं असतात. इस्ट्रोजेन त्यांची संख्या टिकवून धरतं. ते कमी झालं की ग्राहकं घटतात, एलडीएल रक्तातच फिरत राहतं आणि धमनीच्या आतल्या अस्तरात साचायला लागतं. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘स्वान’ नावाच्या अभ्यासात वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यात दिसलं की एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल यांची ठळक वाढ शेवटच्या पाळीच्या आगेमागे, वर्षभराच्या आतच होते. ही वाढ नुसत्या वयाने होणाऱ्या वाढीपेक्षा वेगळी आहे. म्हणून आहार तोच, कामं तीच, तरी रिपोर्ट बिघडतो, आणि बाई बिचारी आपलंच काही चुकलं म्हणून स्वतःला दोष देत बसते.

रक्तदाबाची गोष्ट इतकी सरळ नाही. इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिन्या सैल राहतात. ते कमी झाल्यावर धमन्या ताठर व्हायला लागतात आणि मिठाचा परिणामही जास्त जाणवतो. तरी रक्तदाबाचं सगळं खापर पाळीवर फोडता येणार नाही. वय, वजन आणि घराण्यातला रक्तदाब यांचा त्यात मोठा वाटा असतो. वरचा आकडा दर वर्षी थोडाथोडा चढत राहतो आणि त्रास काहीच होत नाही, म्हणून तो लक्षात येत नाही.

तिसरा बदल मात्र आरशात दिसतो. पाळी चालू असेपर्यंत चरबी मांड्यांवर आणि नितंबांवर, कातडीखाली साठत असते. ती दिसायला कशीही असली तरी हृदयाला तिचा फारसा त्रास नाही. पाळी गेल्यावर ती पोटात, आतड्यांभोवती साठू लागते. तिथली चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्लं थेट यकृताकडे जातात, ट्रायग्लिसराइड वाढतं, इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. वजनकाट्यावर हे सगळं दिसेलच असं नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाईंची शेवटची पाळी ४७ व्या वर्षी आली. त्याआधीच्या तपासणीत वजन ५८ किलो, कंबर ७६ सेंटिमीटर, रक्तदाब ११८/७६, एलडीएल ११०. दोन वर्षांनी वजन ६० किलो, कंबर ८४, रक्तदाब १३४/८६, एलडीएल १२६. एकेक आकडा सुटा पाहिला तर कुणीही म्हणेल, ठीक आहे, थोडं जास्त आहे. रक्तदाब १४०/९० च्या आत आहे, वजन तर दोनच किलो वाढलंय. पण कंबरेने भारतीय स्त्रियांसाठीची ८० सेंटिमीटरची मर्यादा ओलांडली आहे, आणि तिन्ही आकडे एकाच वेळी, एकाच दिशेने सरकले आहेत. धोका मोजायचा तो इथे. जुना रिपोर्ट हाताशी नसेल तर डॉक्टरांनाही हे सरकणं दिसणार नाही.

आता ज्यांची ‘पिशवी काढली’ आहे त्यांच्यासाठी खास सांगणं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. पाहणी झालेल्या ऐंशी हजारांहून अधिक बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर इस्ट्रोजेन हळूहळू न ओसरता त्या दिवसापासूनच तुटतं. हे पस्तिसाव्या वर्षी झालं असेल, तर हृदयाचा धोकाही पस्तिशीतच वाढू लागतो, पंचेचाळिशीची वाट पाहत नाही. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद काढा आणि अंडाशय ठेवलंय की काढलंय, ते डॉक्टरांकडून वाचून घ्या. कागद नसेल तर सोनोग्राफीत पाहायला सांगा. चाळिशीच्या आत पाळी आपोआप गेलेल्या भगिनींनीही डॉक्टरांना हे न विचारता सांगावं.

आमची विनंती दोन तपासण्यांची आहे. पाळी चुकायला लागली की पहिली, आणि सलग बारा महिने पाळी आली नाही की दुसरी. दोन्ही वेळा कंबर, रक्तदाब, लिपिड प्रोफाइल आणि साखर बघा, आणि सगळे कागद एकाच फाईलमध्ये ठेवा. कंबर घरीच मोजता येते. परकराची नाडी सैल करा, कारण घट्ट नाडीने दोन-चार सेंटिमीटर सहज लपतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध शिंप्याची टेप धरा आणि श्वास सोडल्यावर आकडा वाचा. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात छातीच्या उंचीवर टेकलेला असू द्या आणि दोनदा मोजून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे होतं. लिपिड प्रोफाइलची सोय ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा.

औषधांविषयी दोन गोष्टी सांगतो. रक्तदाब नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका, तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. आणि हृदयविकार टाळायचा म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या मनाने घेऊ नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतला अशा गोळ्यांचा भाग २००२ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला होता, कारण त्यांचे धोके फायद्यापेक्षा जास्त दिसले. गरम वाफांचा फार त्रास असेल तर त्या गोळ्यांना जागा आहे, पण ते तपासून डॉक्टरांनी ठरवावं.

घरातल्या मुला-सुनांना आणि पतींना एक सांगणं. बायकांना झटका आला तर छातीत कळ बहुधा येते, पण बरोबर धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, घाम, विलक्षण थकवा असं काहीही असू शकतं. कधी कधी नुसतं तेवढंच असतं. आई म्हणेल, पित्त झालंय, सोडा देते का जरा. तेव्हा सोडा देऊ नका. १०८ ला फोन करा, आणि ईसीजी होईपर्यंत तिला एकटं सोडू नका.