रक्ताचा रस्ता बरोबर, पाट्या उलट्या. मग गुण का गेले?

चिंचवडच्या आमच्या सोसायटीतली बारावीची एक मुलगी गेल्या आठवड्यात ‘नीट’च्या सराव परीक्षेचा पेपर घेऊन घरी आली. जीवशास्त्राच्या एका प्रश्नावर लाल फुली होती आणि तिला ती मान्य नव्हती. प्रश्न साधा होता: शरीराकडून हृदयात आलेले रक्त पुन्हा शरीराकडे जाईपर्यंत कोणत्या क्रमाने वाहते?

तिने निवडलेला पर्याय असा होता: महाशीर, उजवे अलिंद, उजवे निलय, फुफ्फुस शीर, फुफ्फुसे, फुफ्फुस धमनी, डावे अलिंद, डावे निलय, महाधमनी.

“काका, चारही कप्पे बरोबर आहेत. आधी उजवी बाजू, मग फुफ्फुस, मग डावी बाजू, तेही बरोबर. उजव्या निलयातून अशुद्ध रक्त बाहेर पडतं, मग ते शिरेतूनच जाणार ना?” तिचा सवाल.

या एका प्रश्नात बरोबर उत्तराचे चार गुण गेले आणि चुकीच्या उत्तराचा एक वजा झाला, म्हणजे पाच गुणांचा फरक. तिला वाटत होते की दोन शब्दांची अदलाबदल झाली, एवढेच. माझे मत वेगळे आहे. ती फुली बरोबरच होती. मात्र ही चूक तिची एकटीची नाही. आपण शाळेत वर्षानुवर्षे ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ रक्त शिकवतो, त्यातून ती आली आहे.

प्रेशर लाइन आणि रिटर्न लाइन

तिचे वडील चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. हायड्रॉलिक प्रेसशी त्यांचा रोजचा संबंध. मी त्यांना विचारले, पंपातून तेल बाहेर नेणाऱ्या नळीला काय म्हणता? “प्रेशर लाइन.” आणि टाकीकडे परत आणणाऱ्या? “रिटर्न लाइन.” मग प्रेशर लाइनमधले तेल काळे पडले, तर तिला रिटर्न लाइन म्हणाल का? ते हसले. “तेल कसंही असो, पंपातून निघाली ती प्रेशर लाइनच.”

रक्तवाहिन्यांची नावेही अशीच ठरतात. निलयातून रक्त बाहेर नेते ती धमनी, अलिंदाकडे परत आणते ती शीर. आतल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे, याचा नावाशी काही संबंध नाही. उजव्या निलयातून निघणारी वाहिनी हृदयापासून दूर जाते, म्हणून ती फुफ्फुस धमनी. फुफ्फुसांकडून डाव्या अलिंदात येतात त्या फुफ्फुस शिरा. शरीराच्या बाकी भागात धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त असते आणि शिरेत ऑक्सिजन कमी असलेले. तो योगायोग आपण नियम म्हणून पाठ करतो आणि फुफ्फुसांपाशी फसतो.

‘अशुद्ध’ हा शब्दही दिशाभूल करणारा आहे. विश्रांतीच्या वेळी हृदयाच्या उजव्या बाजूला परत आलेल्या रक्तातले हिमोग्लोबिन साधारण 75 टक्के ऑक्सिजनने भरलेलेच असते. डाव्या बाजूला ते 97-98 टक्के असते. म्हणजे ज्याला आपण अशुद्ध म्हणतो, त्यात तीन चतुर्थांश ऑक्सिजन शिल्लक असतो. ते निळेही नसते, गडद लाल असते. आकृतीतला निळा रंग ही फक्त ओळखायची सोय आहे.

चूक जुनी, आणि चांगल्या माणसांची

त्या मुलीला मी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून ती जरा सावरली. तिने केलेली अदलाबदल हजार वर्षांहून अधिक काळ अधिकृत होती. रोमन काळातला वैद्य गॅलेन याच्या परंपरेत हृदयाची उजवी बाजू शिरांची मानली जाई. तिथून निघणारी जाड भिंतीची वाहिनी म्हणजे ‘धमनीसारखी शीर’, आणि डाव्या बाजूची पातळ भिंतीची वाहिनी म्हणजे ‘शिरेसारखी धमनी’, अशी तिची लॅटिन नावे होती. उजवीकडून डावीकडे रक्त मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून झिरपते, असा समज होता.

इब्न अल-नफीसने 1242 च्या आपल्या ग्रंथात ती छिद्रे नाहीतच, रक्त फुफ्फुसांतून फिरूनच डावीकडे येते, असे लिहिले. विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले, पण त्याच्याही पुस्तकात वाहिन्यांची नावे जुनीच आहेत. रस्ता बरोबर, पाट्या जुन्या. आमच्या शेजारच्या मुलीसारखेच!

मग आज हट्ट कशासाठी? कारण नावावरून वाहिनीची घडण कळते आणि त्यावर रुग्णाचे निदान अवलंबून असते. शिरा पवनेला मिळणाऱ्या ओढ्यांसारख्या असतात: एकमेकींना मिळत जातात आणि हृदयाकडे येताना रुंद होतात. धमनीचे उलटे, तिला फाटे फुटत जातात आणि ती अरुंद होत जाते.

आता एक उदाहरण घेऊ. पायाच्या ऑपरेशननंतर बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि ती सुटली. वाटेतली प्रत्येक शीर आधीच्या शिरेहून मोठी, त्यामुळे गुठळी कुठे अडकत नाही. महाशिरेतून उजवे अलिंद, तिथून उजवे निलय. हे कप्पेही ऐसपैस. पुढे मात्र फुफ्फुस धमनी लागते. तिला फाटे फुटतात, नळी अरुंद होते आणि गुठळी तिथे अडकते. एक पाय सुजलेला आणि अचानक धाप लागलेली, असा रुग्ण आला की डॉक्टरांना फुफ्फुसाची शंका येते ती यामुळेच. पायातली गुठळी सहसा मेंदूत का जात नाही, याचेही उत्तर यातच आहे: मध्ये फुफ्फुसांची गाळणी आहे. दोन अलिंदांमधल्या पडद्याला छिद्र राहिलेले असेल, तर अपवाद घडू शकतो.

मुलीच्या पर्यायात उजव्या निलयापुढे शीर होती. त्या नावावर विसंबले तर गुठळी कुठे अडकेल, हे सांगताच येत नाही. म्हणून मी परीक्षकाच्या बाजूने आहे.

माझी तक्रार आहे ती उत्तरपत्रिकेनंतरच्या गप्प राहण्याबद्दल. सराव परीक्षेच्या उत्तरसूचीत फक्त बरोबर पर्यायाचा क्रमांक होता. तो वाचून ही मुलगी पुढच्या वेळी ‘फुफ्फुसांपाशी उलटं असतं’ एवढाच अपवाद पाठ करून गेली असती, आणि गर्भाच्या नाळेपाशी पुन्हा अडखळली असती.

तेच मी तिला विचारून पाहिले. नाळेतल्या वाहिन्यांपैकी ऑक्सिजनयुक्त रक्त कोणती आणते? ती थोडा वेळ गप्प बसली, मग बोटाने हवेत रेघ ओढत म्हणाली, “वारेकडून बाळाच्या हृदयाकडे येतं, म्हणजे परत येणारी लाइन. शीर.” बरोबर. नाळेतल्या दोन धमन्या बाळाकडून वारेकडे ऑक्सिजन कमी असलेले रक्त नेतात आणि एक शीर ऑक्सिजनयुक्त रक्त घेऊन येते.

क्लासवाल्यांना एवढेच सुचवायचे आहे की अशा प्रश्नाच्या उत्तरसूचीत क्रमांकाखाली एक ओळ वाढवा: धमनी की शीर हे दिशेवरून ठरते, रंगावरून नाही. आणि आठवीपासूनच्या वर्गांत फळ्यावर हृदय काढताना लाल-निळे खडू हातात घेण्याआधी पांढऱ्या खडूने नुसते बाण काढा.