रिकामी ओळ

परवा आमच्या भागातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयातून निरोप आला. ऑक्टोबरच्या अखेरीस सरदार पटेलांच्या जयंतीला धरून दक्षता जागृती सप्ताह पाळतात, हे आम्हा सरकारी नोकरांना पाठ असते. त्या निमित्ताने सकाळच्या प्रार्थनेनंतर पाच मिनिटे बोलायचे होते. विषय, 'कोणी बघत नसतानाचा प्रामाणिकपणा'. सरकारी कारकुनाला या विषयावर बोलायला बोलावणारे मुख्याध्यापक विनोदी स्वभावाचे असावेत, असे घरात मत पडले.

या विषयावर ऐकलेली बहुतेक भाषणे एकाच वळणाची असतात. कोणी बघत नसले तरी देव बघत असतो, असे त्यांत सांगतात. हल्ली देवाच्या जोडीला कॅमेराही येतो. मला हे पटत नाही. कोणीतरी बघतेच आहे असे सांगितले की 'कोणी बघत नसताना' हा प्रश्नच पुसला जातो. मुले हुशार असतात. कॅमेरा बंद आहे हे त्यांना आपल्याआधी कळते.

म्हणून मी मुलांना आवक नोंदवहीबद्दल सांगायचे ठरवले. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद या वहीत चढतो. क्रमांक, तारीख, कोणाकडून आला, विषय काय, कोणत्या टेबलाकडे गेला. कागदावर तारखेचा गोल शिक्का बसतो आणि तोच शिक्का मारलेली प्रत अर्जदाराला मिळते. वही दिसायला अगदी गरीब, पण मुदतीचा हिशेब तिच्यावर चालतो. माहिती अधिकाराच्या अर्जाचे तीस दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजतात, आणि अर्ज कधी मिळाला हे सांगते ती ही वही.

मी नोकरीला नवा होतो तेव्हा आवकेचे टेबल माझ्याकडे आले. वहीत दर दिवसाच्या शेवटी एक-दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या, त्यांना क्रमांक मात्र दिलेले. मला वाटले वाचायला सोपे जावे म्हणून असेल. एका जुन्या सहकाऱ्याने हसत समजावले, "अरे, कधी कोणाचा कागद उशिरा येतो, त्याची सोय." दिवस संपला की शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून सही करायची, हा खरा नियम. तो मी वाचला होता, पण सोयीची पद्धत चालू ठेवली.

एका सोमवारी एक म्हातारी बाई अपिलाचा कागद घेऊन आल्या. घराभोवतीच्या जमिनीचे प्रकरण होते. मुलगा तारवटी, बोटीवर. कागद करून देणारे कोणी नाही, त्यात पाऊस. मुदत गुरुवारी संपली होती. "पुता, कितें तरी कर रे," त्या म्हणाल्या. गुरुवारच्या खाली एक ओळ कोरी होती. शिक्क्याची तारीख मागे फिरवायला दोन सेकंद लागतात. मी ती फिरवली. पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा घेतला नाही. त्या दिवशी मी घरी गेलो तो जरा ताठ मानेने.

हे कधीच कोणाला कळले नाही. कळायला वाव होता. त्या ओळीची शाई सोमवारच्या नोंदींची होती, गुरुवारची नव्हती. कोणी दोन पाने शेजारी ठेवून पाहिली असती तर दिसले असते. कोणी पाहिली नाहीत.

पुढे काही महिन्यांनी त्याच पानाची प्रमाणित नक्कल भलत्याच प्रकरणात मागितली गेली. 'खरी नक्कल' असा शिक्का मारून सही करायची होती. नक्कल खरीच होती, मूळच खोटे होते. मी सही केली. त्याच सुमारास एका वकिलांच्या बोलण्यातून कळले, की उशिराच्या अपिलाला कायद्यात वाट आहे. १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम ५. उशीर का झाला याचे पुरेसे कारण लिहून विलंब माफीचा अर्ज अपिलाला जोडायचा. बाईंकडे कारण होते. तो अर्ज झाला असता तर त्याची प्रत समोरच्या पक्षाला गेली असती. त्याने काय ते म्हटले असते, आणि साहेबांनी दोघांचे ऐकून ठरवले असते.

माझ्या त्या कोऱ्या ओळीने नेमके हेच काढून घेतले. समोरच्या माणसाला उत्तर द्यायची संधीच राहिली नाही, कारण उत्तर देण्यासारखे काही घडले आहे हेच त्याला कळले नाही. टेबलासमोर बाई होत्या, त्यांची अडचण दिसत होती. तो माणूस तिथे नव्हता. 'कोणी बघत नसताना' याचा अर्थ मला तेव्हा लागला. ज्याचे नुकसान होते, तोच त्या वेळी खोलीत नसतो. लाच घेणाऱ्याला निदान आपण काय करतो ते ठाऊक असते. मी चांगले काम केल्याच्या समाधानात होतो, आणि ते मला जास्त धोक्याचे वाटते.

आता बऱ्याच ठिकाणी आवक संगणकावर होते आणि तारीख यंत्र घालते. मागची तारीख घालणे त्यामुळे अवघड झाले, हे चांगलेच. पण आलेला कागद दोन दिवस टेबलावर ठेवून मग नोंदवला तर यंत्र काय करणार? असो.

शाळेत हे सारे सांगायला वेळ नव्हता. बाईंची गोष्ट थोडक्यात सांगितली आणि मुलांच्या जर्नलकडे वळलो. अकरावीला लोलकाचा प्रयोग असतो. एक मीटर लांबीचा लोलक, वीस आंदोलनांना साधारण चाळीस सेकंद, गणित केले की गुरुत्वत्वरण ९.८ च्या आसपास येते. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे बरेच जण उलटे गणित करून वेळ भरतात. (आम्ही कला शाखेचे, पण हे शेजारच्या वर्गातून ऐकत आलो आहोत.) तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी मला आदल्या दिवशी एका मुलाचे सांगितले होते. त्याचे उत्तर १०.९ आले आणि त्याने ते तसेच लिहिले. बाईंनी त्याला पुन्हा मोजायला लावले. स्टॉपवॉच सुरू करतानाच तो 'एक' म्हणत होता, 'शून्य' नव्हे. म्हणजे आंदोलने एकोणीसच होत होती आणि भागाकार मात्र विसाने. चूक एका मिनिटात सापडली, कारण आकडा खरा होता. ज्यांनी ९.८ लिहिले त्यांच्यातले किती जण 'एक'पासून मोजतात, हे बाईंना कळायला मार्ग नाही.

मुलाचे नाव मी घेतले नाही, पण कोणाच्या माना कुठे वळल्या त्यावरून तो कोण हे मला कळले. बिचारा लाजला होता.

मी खाली उतरत होतो, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, त्या दुसऱ्या माणसाला तुम्ही नंतर सांगितलंत?"

"नाही," मी म्हणालो.

ती आणखी काही विचारणार होती, पण पहिल्या तासाची घंटा झाली.