निळी रेषा, लाल रेषा

ग्रामसभेत पूररेषांचा नकाशा समजावताना एक प्रश्न हमखास येतो: ‘पंचवीस वर्षांचा पूर येऊन गेला, आता तेवढी वर्षं निवांत ना?’ तसं नाही. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी ४ टक्के, लाल रेषेपर्यंत १ टक्का. पूर गेल्याच वर्षी आला असला, तरी यंदाची शक्यता तेवढीच. कृष्णाकाठच्या सांगलीने २०१९ नंतर २०२१ मध्येही महापूर सोसलाच. तीस वर्षांच्या हिशेबात निळ्या रेषेवरचं घर एकदा तरी पाण्यात जाण्याची शक्यता सुमारे ७० टक्के, लाल रेषेवरचं २६. म्हणूनच नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, त्यापुढे लाल रेषेपर्यंतचा नियंत्रित. मात्र सर्वेक्षणानंतर पात्रात पडलेला भराव नकाशात दिसत नाही. ग्रामस्थांनी सर्वेक्षणाचं वर्ष आधी विचारावं.